डिस्चार्ज कार्डावरची औषधं घरच्यांना चुकणार नाहीत अशी मराठीत कशी लिहायची

प्रश्न: बाबांना (वय ६६) हार्ट ॲटॅक आला. मंगळवारी १० तारखेला संध्याकाळी पाचला अँजिओप्लास्टी झाली, आज गुरुवारी सकाळी डिस्चार्ज मिळतोय. उद्या ते गावी जाणार. मी पुण्यात असतो, औषधं आई देणार. तिला मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. कार्डावर असं आहे: पॅन्टोप्राझोल ४० ओडी बीबीएफ, टिकाग्रेलॉर ९० बीडी, मेटोप्रोलॉल एक्सएल २५ १-०-०, इकोस्प्रिन ७५ ०-१-०, ॲटॉर्वास्टॅटिन ४० एचएस, रॅमिप्रिल २.५ एचएस, मेटफॉर्मिन ५०० बीडी (४८ तासांनंतर सुरू), सॉर्बिट्रेट ५ एसएल एसओएस. खाली 'x १५ दिवस' आणि 'सात दिवसांनी रिव्ह्यू'. घरी आधीच्या शुगरच्या, बीपीच्या आणि गुडघेदुखीच्या गोळ्या पडून आहेत. आईला चुकणार नाही असं मराठीत कसं लिहून देऊ?

उत्तर:

अजून हॉस्पिटलातच असाल तर लिहायला बसू नका, आधी वॉर्डात जाऊन चार गोष्टी विचारून या. कार्डावरचा प्रत्येक शब्द बरोबर मराठीत आणलात तरी आईंचं काम चालणार नाही, कारण त्यांना लागणारी निम्मी माहिती त्या कार्डावर लिहिलेलीच नाही. डॉक्टर कार्ड लिहितात ते पुढच्या डॉक्टरला आणि केमिस्टला कळावं म्हणून. 'बीडी' वाचून केमिस्टला सगळं समजतं. आईंना मात्र समजायला हवं की रात्री आठला, जेवणानंतर, ही पिवळट गोल गोळी, एकच, आणि ती आपल्या मनाने बंद करायची नाही.

पहिली गोष्ट, आणि सगळ्यांत धोक्याची: 'x १५ दिवस'. मराठीत 'पंधरा दिवस घ्या' असं उतरवलंत तर सोळाव्या दिवशी आई औषधं थांबवतील, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल. आपल्याकडे तापाच्या गोळ्या पाच दिवसांच्या असतात, संपल्या की संपल्या. इथे पंधरा दिवस म्हणजे केमिस्टकडून आत्ता घ्यायचा साठा. अँजिओप्लास्टीत वाहिनीत बसवतात तो स्टेंट म्हणजे धातूची जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चढायला काही महिने लागतात, तोवर रक्तातल्या गाठ धरणाऱ्या पेशी त्या उघड्या धातूवर चिकटायला टपलेल्या असतात. इकोस्प्रिन आणि टिकाग्रेलॉर या दोन गोळ्या मिळून ते रोखतात. त्या अचानक थांबल्या तर जाळीत गाठ होऊन वाहिनी एकदम बंद होऊ शकते, म्हणजे दुसरा ॲटॅक. हार्ट ॲटॅकनंतर या दोन गोळ्या एकत्र साधारण वर्षभर देतात आणि इकोस्प्रिन बहुधा पुढेही चालू राहते. पण तुमच्या वडिलांसाठी नेमकं किती, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकून लिहा. प्रत्येक औषधापुढे 'कधीपर्यंत?' हा प्रश्न विचारा. उत्तर तीनपैकी एकच असतं: अमुक तारखेपर्यंत, डॉक्टर बंद करा म्हणेपर्यंत, किंवा त्रास होईल तेव्हाच.

दुसरी गोष्ट मेटफॉर्मिनची. हे ४८ तास डिस्चार्जपासून मोजायचे नाहीत, अँजिओप्लास्टीपासून मोजायचे. त्या वेळी हृदयाच्या वाहिन्या दिसाव्यात म्हणून त्यांत सोडलेला डाय किडनीवाटे बाहेर पडतो. त्याने किडनीला इजा झालीच, तर मेटफॉर्मिन शरीरात साठतं आणि रक्तातलं आम्ल वाढू शकतं, म्हणून ते काही काळ थांबवतात. मंगळवारी संध्याकाळी पाचपासून ४८ तास म्हणजे आज, गुरुवारी, संध्याकाळी पाच. पण नुसतं घड्याळ बघून भागत नाही, किडनीचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट बरा आला आहे का तेही विचारायचं असतं. तो बरा असेल तर 'आज गुरुवार रात्रीच्या जेवणानंतर पहिली गोळी' असं वार आणि वेळेसह वदवून घ्या. '४८ तासांनंतर' हे शब्द आईंच्या कागदावर येताच कामा नयेत.

तिसरी गोष्ट म्हणजे घरातला जुना डबा. चुका नव्या औषधांत कमी होतात, जुन्या आणि नव्याच्या सरमिसळीत जास्त होतात. मधुमेहाची जुनी गोळी बऱ्याचदा जोडगोळी असते, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकातच. ती चालू राहिली आणि कार्डावरचं मेटफॉर्मिनही सुरू झालं, तर मेटफॉर्मिन दुप्पट जातं. शिवाय ग्लिमेपिराइडने साखर खाली जाण्याची शक्यता असते. बीपीची जुनी गोळी, समजा ॲम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल आणि रॅमिप्रिलच्या जोडीला चालू राहिली तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन बाबा पडू शकतात. उलट ती डॉक्टरांना चालू ठेवायची असेल आणि कार्डावर लिहायची राहिली असेल, असंही होतं. म्हणून डब्यातल्या सगळ्या पट्ट्यांचे फोटो घरून मागवा आणि एकेक दाखवून 'हे चालू की बंद?' एवढंच विचारा. गुडघेदुखीची गोळी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या जातीची असेल तर बहुधा 'बंद' हेच उत्तर येईल. दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर ती पोटात रक्तस्राव घडवू शकते, आणि हृदयाला व किडनीलाही ती चांगली नाही. मग दुखलं तर काय द्यायचं तेही तिथेच विचारा, नाहीतर गुडघा दुखल्या रात्री तीच पट्टी शोधली जाईल.

चौथी गोष्ट छोटी आहे, पण हमखास राहते. आज सकाळी वॉर्डात कोणकोणत्या गोळ्या देऊन झाल्या? सिस्टरकडच्या औषधांच्या तक्त्यावर ते असतं. ते विचारलं नाही तर घरी पोचल्यावर सकाळच्या गोळ्या पुन्हा दिल्या जातात, किंवा 'दिल्याच असतील' म्हणून संध्याकाळच्याही राहतात.

आता कार्डावरची भाषा. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, बीबीएफ नाश्त्याआधी, एसएल जिभेखाली, एसओएस गरज पडल्यास. १-०-१ मधले आकडे सकाळ-दुपार-रात्र या क्रमाने असतात. ओडी हेच अक्षर डोळ्यांच्या थेंबांच्या चिठ्ठीवर असेल तर त्याचा अर्थ उजवा डोळा असाही होतो. पण तुम्हाला हे कळणं ही फक्त सुरुवात आहे. 'दिवसातून दोनदा' हे मराठी बरोबर असलं तरी सकाळी दहाला आणि दुपारी चारला दिलं तरी ते दोनदाच. टिकाग्रेलॉरचा असर साधारण बारा तास टिकतो, म्हणून ती सकाळी आठ आणि रात्री आठ अशीच हवी. संक्षेपाच्या जागी मराठी शब्द न लिहिता घड्याळाची वेळ लिहा.

वेळ लिहिताना घराचा दिवस आधी विचारून घ्या. 'नाश्त्याआधी' हा शब्द शहरातला आहे. गावाकडे सकाळी चहा, मग दहा-अकराला भाकरी, असा क्रम असेल तर नाश्ता नावाचं काही नसतंच. पॅन्टोप्राझोलसाठी 'सकाळी उठल्यावर, चहाआधी अर्धा तास' असं लिहिलं तर ते जमतं, कारण चहा कोणी चुकवत नाही. मेटफॉर्मिनसाठी मात्र पोटात अन्न हवं, नाहीतर मळमळ आणि जुलाब होतात. तेव्हा आठच्या गोळ्यांआधी चार घास, चपाती किंवा पोहे, हे आईंशी बोलून ठरवा. ते जमणार नसेल तर मेटफॉर्मिन सकाळच्या भाकरीनंतर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. टिकाग्रेलॉर जेवणावर अवलंबून नाही, ती आठलाच राहू दे.

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मराठीतली ही अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ हाताने लिहिल्यावर जवळजवळ सारखे दिसतात. देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो. गोळ्यांच्या पट्टीवर सगळे आकडे इंग्रजी, तुमच्या कागदावर देवनागरी, आणि वाचणारे डोळे चष्म्याचे. म्हणून गोळ्यांची संख्या कधीही आकड्यात लिहू नका, अक्षरात लिहा: एक गोळी, अर्धी गोळी. अर्धीसाठी '१/२' लिहाल तर त्याचं 'एक किंवा दोन' असं वाचन होतं. वेळ आकड्यात लिहायला हरकत नाही, पण तिच्या आधी सकाळ, दुपार, रात्र हा शब्द हवाच. 'बारा वाजता' एवढंच कधी लिहू नका. आणि 'परवा' हा शब्द कागदावर नको. आपल्या भाषेत तो गेलेलाही असतो आणि येणाराही. 'आठवड्याने' म्हणजे नेमकं कधी, यावरही घरात वाद होतात. सरळ तारीख आणि वार लिहा: गुरुवार, १९ तारीख.

औषधाचं नाव भाषांतर करू नका आणि उच्चारावर जाऊ नका. पट्टीवर जे छापलंय तेच ओळखायचं आहे, म्हणून तक्त्यात नावाच्या जागी त्या औषधाच्या खोक्याचा नाव असलेला तुकडा कापून चिकटवा, किंवा पट्टीचा फोटो छापून लावा. शेजारी मराठीत उच्चार आणि ते कशासाठी आहे ते एका शब्दात लिहा. 'गाठ होऊ न देणारी', 'कोलेस्टेरॉलची', 'ॲसिडिटीची' एवढं पुरतं. रंग आणि आकार लिहिता येतात, पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. पुढच्या वेळी केमिस्टने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली की रंग बदलतो. जनऔषधी केंद्रातून घेतली तर खोक्यावर कंपनीचं नाव नसून औषधाचं मूळ नाव असेल. नाव बदललं की नव्या पट्टीचा फोटो तुम्हाला पाठवायचा आणि तुम्ही मूळ औषध व मिलिग्रॅम जुळवून 'हो' म्हणेपर्यंत ती वापरायची नाही, असा नियम करा. केमिस्ट पट्टी कापून देतो तेव्हा नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग घरात राहील असं बघा. गोळ्या शेवटी त्या भागातूनच काढायच्या.

तक्ता औषधांच्या क्रमाने करू नका, वेळेच्या क्रमाने करा. कार्डावर आठ ओळी आहेत, पण आईंच्या दिवसात पाचच वेळा आहेत. औषधांच्या क्रमाने यादी दिली तर प्रत्येक वेळी त्यांना आठही ओळी वाचून 'यातली आत्ता कोणती?' हे शोधावं लागतं. वरच्या उत्तरांप्रमाणे सगळं ठरलं असं धरून, कागदाची एक बाजू साधारण अशी होते:

> तारीख १२, गुरुवारी लिहिलं. १९ तारखेपर्यंत हाच कागद.
>
> सकाळी ६.३० – चहाआधी अर्धा तास
> पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची) – एक गोळी
>
> सकाळी ८ – थोडं खाल्ल्यावर
> टिकाग्रेलॉर (गाठ होऊ न देणारी) – एक गोळी
> मेटोप्रोलॉल (हृदयाची) – एक गोळी. कुटायची नाही, चावायची नाही.
> मेटफॉर्मिन (शुगरची) – एक गोळी
> *या वेळी मिळून तीन गोळ्या.*
>
> दुपारी १ – जेवणानंतर
> इकोस्प्रिन (गाठ होऊ न देणारी) – एक गोळी
>
> रात्री ८ – जेवणानंतर
> टिकाग्रेलॉर – एक गोळी
> मेटफॉर्मिन – एक गोळी
> *या वेळी मिळून दोन गोळ्या.*
>
> रात्री १० – झोपताना
> ॲटॉर्वास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची) – एक गोळी
> रॅमिप्रिल (बीपीची, हृदयाची) – एक गोळी
> *या वेळी मिळून दोन गोळ्या.*
>
> दिवसभरात एकूण नऊ गोळ्या.
> आज गुरुवारी: सकाळच्या गोळ्या हॉस्पिटलात झाल्या. घरची पहिली गोळी दुपारची इकोस्प्रिन. मेटफॉर्मिन आज रात्रीपासून.
> गोळी राहिली तर: ती सोडून द्यायची. पुढची तिच्या वेळेला, एकच. दोन एकदम द्यायच्या नाहीत. टिकाग्रेलॉर किंवा इकोस्प्रिन लागोपाठ दोन वेळा राहिली तर लगेच फोन करायचा.
> यातली प्रत्येक गोळी डॉक्टर बंद करा म्हणेपर्यंत चालू ठेवायची. गोळ्या संपायच्या आत, २४ तारखेला नव्या आणायच्या.

'द्यायची', 'करायचं नाही' ही क्रियापदं मुद्दाम अशी आहेत. कागद आईंसाठी आहे, देणाऱ्या त्या आहेत. 'सेवन करावे', 'वर्ज्य असावे' अशी भाषा माणूस वाचतो आणि तिचं काय करायचं ते त्याला कळत नाही. एका ओळीत एकच काम, आणि दोन नकार एका वाक्यात नकोत. 'डॉक्टरांनी नाही म्हटल्याशिवाय बंद न करता' अशा वाक्याची गाठ घाईत सुटत नाही. ओळीतला 'मिळून तीन गोळ्या' हा हिशेब सजावटीसाठी नाही. हातावर चार आल्या तर काहीतरी दुप्पट झालंय, दोन आल्या तर एक राहिलीय, हे वाचता न येणाऱ्यालाही कळतं. साठ्याचाही तसाच पडताळा घ्या: पंधरा दिवसांना टिकाग्रेलॉर तीस लागतात आणि इकोस्प्रिन पंधरा. केमिस्टने टिकाग्रेलॉर पंधराच दिल्या असतील तर त्याने 'बीडी' वाचलं नाही, हे दुकानातच कळेल.

मेटोप्रोलॉलच्या 'एक्सएल'कडेही लक्ष द्या. ही गोळी दिवसभर हळूहळू औषध सोडेल अशी बनवलेली असते. गिळायला त्रास होतो म्हणून घरात गोळ्या कुटून मधातून देण्याची पद्धत आहे. ही कुटली तर दिवसभराचं औषध एकदम उतरतं आणि नाडी व बीपी खाली जातं. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, दुसरा पर्याय निघतो.

सॉर्बिट्रेट तक्त्यात घालू नका. ती रोजच्या गोळ्यांच्या रांगेत दिसली की कोणीतरी एकदा ती रोजची समजून देईल. 'गरज पडल्यास' हे मराठी इथे निरुपयोगी आहे, कारण गरज म्हणजे काय हेच तर आईंना ठरवायचं असतं. तिच्यासाठी वेगळा, दुसऱ्या रंगाचा कागद करा आणि पट्टी त्याच कागदाला लावून बाबांच्या उशाशी ठेवा:

> छातीत दुखलं, दाब आला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, घाम फुटला तर
> १. बाबांना लगेच बसवायचं. उभं ठेवायचं नाही, चालवायचं नाही.
> २. एक गोळी जिभेखाली ठेवायची. गिळायची नाही, पाणी द्यायचं नाही.
> ३. घड्याळात पाच मिनिटं बघायची.
> ४. दुखणं थांबलं नाही तर १०८ ला फोन. मग मला.
> ५. चक्कर येत असेल, अंगाला गार घाम येऊन शुद्ध हरपत असेल तर गोळी द्यायची नाही. आडवं करायचं, पाय वर ठेवायचे आणि सरळ १०८.

पहिल्या गोळीने थांबलं नाही तर दुसरी द्यायची का आणि जास्तीत जास्त किती, हे डॉक्टरांकडून विचारून पायरी चारच्या खाली लिहा. बहुतेक ठिकाणी पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीनपर्यंत सांगतात, पण ॲटॅक येऊन आठवडाही न झालेल्या माणसासाठी फोनला उशीर करून गोळ्या मोजत बसणं चूक. गोळी दिल्यावर डोकं ठणकणं नेहमीचं आहे, तेही आईंना आधीच सांगा, नाहीतर त्या घाबरून पुढच्या वेळी गोळी द्यायला कचरतील. एक गोष्ट आईंच्या कागदावर लिहायची नाही, बाबांशी स्वतः बोलायची: पुरुषांच्या शक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या सॉर्बिट्रेटबरोबर अजिबात चालत नाहीत, बीपी धोकादायक पडतं. कोणी वैदूची पुडी दिली तरी तीच शंका घ्यावी.

कार्डाच्या तळाशी सल्ल्याच्या दोन-तीन ओळी असतात. तिथे भाषांतर करणाऱ्यांचा हात ढिला पडतो, कारण त्या सोप्या वाटतात. 'जड वस्तू उचलू नये' यातलं जड म्हणजे किती? मनगटातून सुई घातली असेल तर त्या हाताने पाण्याची बादली, कळशी, पिठाचा डबा, गॅस सिलिंडर उचलायचं नाही, गाडीला किक मारायची नाही. किती दिवस, ते विचारून तारीख लिहा. मनगटातून रक्त आलं तर बोटांनी घट्ट दाबून धरायचं, सारखं उघडून बघायचं नाही, आणि दहा मिनिटं दाबूनही थांबलं नाही तर १०८. 'मीठ कमी' म्हणजे ताटात वाढलेलं मीठ, लोणचं, पापड, फरसाण बंद. दिवसभराच्या सगळ्या जेवणात मिळून मीठ सपाट छोटा चमचाभर, साधारण ५ ग्रॅम. इथे चांगल्या हेतूने एक चूक होते: दुकानातलं कमी सोडियमचं मीठ आणलं जातं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि रॅमिप्रिलही पोटॅशियम वाढवतं. विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.

'त्रास झाल्यास संपर्क साधावा' ही तर कार्डावरची सर्वांत पोकळ ओळ. तिच्या जागी या रुग्णाला, या औषधांनी, काय होऊ शकतं ते लिहा. शी डांबरासारखी काळी, लघवीत किंवा उलटीत रक्त, नाकातून न थांबणारं रक्त: लगेच दवाखाना. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला: लगेच दवाखाना, रॅमिप्रिलने क्वचित असं होतं. कोरडा खोकला लागला तर तोही रॅमिप्रिलचा असू शकतो, घाई नाही, पण १९ तारखेला सांगायचं. दम लागणं जरा अवघड आहे. टिकाग्रेलॉरने काही जणांना दम लागल्यासारखं वाटतं, आणि हृदय कमी पडत असेल तरीही दम लागतो. हा फरक घरी करता येत नाही. म्हणून कागदावर एवढंच: 'दम लागला तर फोन. गोळी स्वतः बंद करायची नाही. आडवं झाल्यावर दम लागत असेल किंवा बोलता येत नसेल तर १०८.' वर तीन फोन नंबर मोठ्या आकड्यांत, त्यातला एक गावातल्या कोणाचा तरी, कारण रात्री तुम्ही पुण्यातून काही करू शकणार नाही.

तक्ता झाला की उपवासाचे दिवस विचारा. एकादशी, चतुर्थी, नवरात्र यांपैकी बाबा काय पाळतात? नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा खूप खाली जात नाही, पण डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची जुनी गोळी चालू ठेवली असेल तर उपाशी दिवशी ती घेतल्याने घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं हे सगळं होऊ शकतं. त्या दिवसाचा नियम डॉक्टरांकडून घेऊन लिहा. शिवाय काही जण उपवासाला 'तोंडात काही घालायचं नाही' म्हणून गोळ्याही सोडतात. 'उपवासालाही टिकाग्रेलॉर आणि इकोस्प्रिन चुकवायची नाही' हे वाक्य मोठ्या अक्षरात हवं.

लिहिलेला कागद मूळ कार्डाशेजारी ठेवून वॉर्डातल्या डॉक्टरांना किंवा केमिस्टला ओळीने ताडून बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे आणि गर्दीतही ते कोणी नाकारत नाही, जर तुमच्या हातात स्वच्छ लिहिलेला एकच कागद असेल. मग तो आईंना वाचून दाखवू नका, त्यांच्याकडून वाचून घ्या. 'समजलं ना?' असं विचाराल तर त्या 'हो' म्हणणारच. त्याऐवजी सगळ्या पट्ट्या पुढ्यात टाका आणि म्हणा, 'आई, आता रात्रीचे आठ वाजलेत, बाबांच्या हातावर काय ठेवशील?' मग विचारा, 'सकाळची टिकाग्रेलॉर राहिली आणि दुपारी आठवलं, तर?' आणि 'रात्री अडीचला छातीत कळ आली, तर आधी काय?' जिथे त्या अडतील तिथे चूक कागदाची आहे असं धरून तीच ओळ त्यांच्या शब्दांत बदला. त्या टिकाग्रेलॉरला 'पिवळी' म्हणत असतील तर कंसात 'पिवळी' लिहा, फक्त रंग बदलल्याच्या फोटोचा नियम लक्षात ठेवा.

गोळ्या आठवडाभराच्या काढून डब्यांत भरून ठेवू नका. पट्टीतून बाहेर काढल्यावर नाव कळत नाही आणि पावसाळ्यात काही गोळ्या ओलही धरतात. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन खोक्यांत पट्ट्याच ठेवल्या की पुरे. टिकाग्रेलॉर आणि मेटफॉर्मिनची एकेक पट्टी सकाळच्या आणि रात्रीच्या अशा दोन्ही खोक्यांत लागेल. गोळी दिली की भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात एक रेघ. पाच वेळा, पाच रेघा. रात्री फोनवर तुम्ही फक्त 'रेघा किती?' एवढंच विचारा.

१९ तारखेला तपासणीला जाताना हा कागद, मूळ कार्ड आणि सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घेऊन जायच्या. त्या दिवशी एकही गोळी बदलली तर जुन्या कागदावर खाडाखोड करू नका. तारीख घालून नवा लिहा आणि जुना आईंसमोरच फाडून टाका, बंद झालेल्या गोळीची पट्टीही खोक्यातून काढून घ्या.